बाक्यांचा गट: कोणती कसोटी कुठे मोडते

एखादा संच आणि त्यावरची एक क्रिया मिळून गट होतो की नाही, हे ठरवायला चार कसोट्या आहेत. संचातले कोणतेही दोन घटक घेऊन क्रिया केली, तर उत्तर त्याच संचात पडले पाहिजे. ही बंदिस्तपणाची कसोटी. तीन घटकांवर क्रिया करताना आधी कोणती जोडी हाताळली यावरून उत्तर बदलता कामा नये, हे साहचर्य. संचात एक असा घटक हवा की त्याच्याशी क्रिया केल्यावर समोरचा घटक जसाच्या तसा राहील. तो अविकारक घटक. आणि प्रत्येक घटकाला संचातच एक जोडीदार हवा, ज्याच्याशी क्रिया केली की उत्तर अविकारक घटक येईल. तो त्याचा व्यस्त. चौघींपैकी एक जरी मोडली तरी गट होत नाही. क्रमनिरपेक्षता, म्हणजे a आणि b यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच राहणे, ही अट या यादीत नाही. गट तिच्याविनाही होतो. या लेखातल्या बेरजा आणि गुणाकार क्रमनिरपेक्ष आहेत, म्हणून तिचा प्रश्न येथे उद्भवत नाही.

कसोट्या वाचायला सोप्या आहेत, त्या लावताना मात्र गफलत होते. ती कशी होते हे पाहायला बाक्यांच्या संचाइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. n हा एक धन पूर्णांक घ्यावा. कोणत्याही पूर्णांकाला n ने भागल्यावर बाकी ०, १, २, … , n − १ यांपैकीच एक येते. या n बाक्यांचा संच म्हणजे येथला कच्चा माल. त्यावर बेरीज करायची तर नेहमीसारखी बेरीज करावी आणि उत्तराला n ने भागून बाकी ठेवावी. गुणाकाराचेही तसेच. n = १२ असेल तर ८ + ७ = १५, म्हणून १२ च्या हिशेबात ८ + ७ = ३; आणि ८ × ७ = ५६, म्हणून ८ × ७ = ८. सकाळी आठला निघालेला माणूस सात तासांनी घड्याळात तीन वाजलेले पाहतो, तीच ही बेरीज. जर्मन गणिती गाउस याने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या अंकशास्त्रावरच्या लॅटिन ग्रंथात या हिशेबाची पद्धतशीर मांडणी केली आणि समान बाकी असलेल्या संख्यांसाठी तीन रेघांचे चिन्ह रूढ केले.

चार कसोट्यांच्या आधी एक पायरी आहे. पुस्तके ती बहुधा एका ओळीत उरकतात आणि विद्यार्थी ती विसरून जातात. १२ च्या हिशेबात ५ आणि १७ हे एकच, कारण दोन्हींची बाकी ५. तसेच ८ आणि २० हेही एकच. मग ५ + ८ केले काय आणि १७ + २० केले काय, उत्तर सारखेच यायला हवे. पहिल्याचे १३, दुसऱ्याचे ३७. दोन्हींची बाकी १. गुणाकारात ५ × ८ = ४० आणि १७ × २० = ३४०; दोन्हींची बाकी ४. हा योगायोग नव्हे. संख्येत १२ ची पट मिळवली तर बेरजेत १२ च्या पटीचाच फरक पडतो, आणि गुणाकारातही, कारण १२ च्या पटीला कशानेही गुणले तरी ती १२ ची पटच राहते. मात्र हे प्रत्येक क्रियेच्या बाबतीत खरे नसते. घाताचेच पाहावे. ५ च्या हिशेबात १ आणि ६ एकच, पण २ चा पहिला घात २ आहे आणि सहावा घात ६४, ज्याची बाकी ४. घातांकाच्या जागी एकाच बाकीची दोन रूपे ठेवली तर दोन निराळी उत्तरे येतात, म्हणून घात ही बाक्यांवरची क्रियाच होत नाही. अशा वेळी गटाच्या कसोट्यांपर्यंत पोचण्यातही अर्थ नाही.

बेरीज आणि गुणाकार मात्र या पायरीवर टिकतात. आता n = १२ घेऊन आधी बेरीज तपासावी.

बाकी नेहमी ० ते ११ मध्येच असते, तेव्हा बेरजेचे उत्तर संचाबाहेर जाऊच शकत नाही. साहचर्य एकेक करून तपासायचे म्हटले तर १२ × १२ × १२, म्हणजे १७२८ त्रिकुटे होतात. ती कोणी तपासत बसत नाही, आणि बसण्याचे कारणही नाही. (a + b) + c आणि a + (b + c) या साध्या पूर्णांकांच्या बेरजा सारख्या असतातच. १२ ने भागून बाकी मधेच काढली काय आणि शेवटी काढली काय, फरक पडत नाही हे वर दिसलेच. त्यामुळे बाक्यांच्या बेरजेला साहचर्य पूर्णांकांकडून आयते मिळते. गुणाकारालाही ते याच वाटेने मिळते. अविकारक घटक ० आहे. आणि a चा व्यस्त १२ − a: ५ चा ७, ४ चा ८, ६ चा स्वतः ६, आणि ० चा ०. चारही कसोट्या पार पडल्या. या युक्तिवादात १२ ची अशी खास बाब कुठेच वापरलेली नाही; १२ च्या जागी कोणताही n ठेवला तरी तो तसाच चालतो. म्हणून n बाक्यांचा संच बेरजेखाली नेहमीच गट असतो. बेरजेचे प्रकरण येथे संपते.

गुणाकाराचे इतक्यात संपत नाही. संच तोच, १२ बाक्यांचा. उत्तरे संचातच राहतात, साहचर्य आयते मिळाले आहे, आणि अविकारक घटक १ आहे. तीन कसोट्या सहज सुटल्या की चौथीकडे दुर्लक्ष होते, आणि नेमके तिथेच सगळे अडते. शून्याला कशानेही गुणले तरी उत्तर ०. ते १ कधीच होणार नाही. म्हणजे ० ला व्यस्त नाही आणि हा संच गट नाही. n २ किंवा त्याहून मोठा असेल तर हीच अडचण प्रत्येक वेळी येते. n = १ हा एक गमतीदार अपवाद आहे. तेथे संचात फक्त ० असते, ० × ० = ०, आणि तेच ० अविकारकही ठरते व स्वतःचा व्यस्तही. एका घटकाचा का होईना, तो गट आहे. परीक्षेत ‘प्रत्येक n साठी’ असे लिहिणाऱ्याचे गुण अशा ठिकाणी जातात.

० अडचणीचा ठरला तर तो काढून टाकावा, हे पहिले सुचते. १२ च्या हिशेबात उरतात १ ते ११. यावर बहुतेक जण थेट व्यस्त शोधू लागतात आणि २ ला व्यस्त नाही असे सांगून मोकळे होतात. विधान खरे आहे, पण मोडतोड त्याच्याही आधी झालेली असते. २ × ६ = १२, म्हणजे ०; आणि ० तर आता संचात नाही. ३ × ४ चेही तेच, ८ × ९ = ७२ चेही तेच. ० काढल्याबरोबर बंदिस्तपणा गेला. पूर्ण संचात जी कसोटी आपोआप सुटत होती, तीच लहान संचात पहिली मोडली. संच बदलला की चारही कसोट्या नव्याने लावाव्या लागतात, आणि बंदिस्तपणा सर्वांत आधी. n संयुक्त संख्या असेल, म्हणजे १ पेक्षा मोठ्या दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर ते दोन अवयव संचात असतात आणि त्यांचा गुणाकार ० होतो. म्हणून संयुक्त n साठी ही युक्ती कधीच चालत नाही.

n मूळ संख्या असेल तर ती चालते. ७ च्या हिशेबात १ ते ६ घ्यावेत. यातल्या दोन संख्यांचा गुणाकार ७ ने भागला जाणे शक्य नाही, कारण मूळ संख्या गुणाकाराला भागते तेव्हा ती त्यातल्या एका तरी अवयवाला भागतेच, आणि १ ते ६ पैकी एकालाही ७ भागत नाही. म्हणून ० उगवत नाही. व्यस्तही मिळतात: २ × ४ = ८, बाकी १; ३ × ५ = १५, बाकी १; ६ × ६ = ३६, बाकी १. म्हणजे २ आणि ४ एकमेकांचे व्यस्त, ३ आणि ५ एकमेकांचे, तर १ आणि ६ स्वतःचेच. हा सहा घटकांचा गट झाला.

संयुक्त n चे काय करायचे हा प्रश्न उरतो. तेथे नुसते ० काढून भागत नाही. कोणत्या बाक्या ठेवता येतील हे शोधायला हवे. १२ च्या हिशेबात ४ चा पाढा लिहिला तर बाक्या येतात ०, ४, ८, ०, ४, ८, आणि पुढे तेच चक्र. त्यात १ कधीच दिसत नाही. ५ चा पाढा लिहिला तर ०, ५, १०, ३, ८, १, ६, ११, ४, ९, २, ७ असा बाराही बाक्यांमधून एकदाच फिरून येतो आणि वाटेत, ५ × ५ वर, १ सापडतो. फरक कशाने पडतो? ४ आणि १२ यांना ४ हा सामाईक विभाजक आहे, म्हणून ४ च्या पटीतून १२ ची पट वजा केली तरी ४ ची पटच उरते. तिच्यातून १ मिळणार कुठून? हेच सर्वसाधारणपणे सांगता येते: a × x ची बाकी १ असेल तर a आणि n यांचा प्रत्येक सामाईक विभाजक १ ला भागतो, म्हणून त्यांचा मसावि १ च असला पाहिजे. व्यस्त हवा असेल तर a आणि n सहमूळ हवेत.

उलट बाजूही खरी आहे: सहमूळ असले की व्यस्त मिळतोच. त्यासाठी मसावि काढायची युक्लिडची भागाकाराची रीत वापरतात, आणि ती मसावि १ आहे एवढे सांगून थांबत नाही, व्यस्तही हातात ठेवते. ६० च्या हिशेबात १७ चा व्यस्त काढायचा आहे असे समजावे. ६० ला १७ ने भागले तर बाकी ९, कारण ६० = ३ × १७ + ९. मग १७ ला ९ ने भागून बाकी ८, आणि ९ ला ८ ने भागून बाकी १. मसावि १ आला. आता याच पायऱ्या उलट्या उतरायच्या. १ = ९ − ८. यात ८ च्या जागी १७ − ९ ठेवले की १ = २ × ९ − १७. ९ च्या जागी ६० − ३ × १७ ठेवले की १ = २ × ६० − ७ × १७. ६० च्या पटी या हिशेबात शून्यच, म्हणून −७ ने १७ ला गुणले की १ मिळतो. −७ म्हणजे ६० च्या हिशेबात ५३. पडताळा घ्यायचा तर १७ × ५३ = ९०१, आणि ९०१ म्हणजे १५ × ६० + १. पाढा म्हणत बसलो असतो तर त्रेपन्नाव्या पायरीवर जे सापडले असते, ते येथे तीन भागाकारांत मिळाले. भाजक शेकडो अंकी असला तरी संगणक व्यस्त याच तत्त्वावर काढतो. भारतीय गणितात ही विद्या कुट्टक या नावाने ओळखली जाते. ती आर्यभटाच्या ४९९ सालच्या ‘आर्यभटीया’त येते, आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त कुट्टकाला स्वतंत्र प्रकरण दिले.

तेव्हा n शी सहमूळ असलेल्या बाक्याच तेवढ्या निवडाव्यात. १२ साठी त्या १, ५, ७ आणि ११. पण निवड केली की नवा संच झाला, आणि वर म्हटल्याप्रमाणे बंदिस्तपणा पुन्हा पाहणे आले. a आणि b दोघेही १२ शी सहमूळ असतील तर त्यांच्या गुणाकारालाही १२ शी सामाईक असा मूळ विभाजक असू शकत नाही, कारण असता तर तो a किंवा b यांपैकी एकाला भागला असता. १२ ची पट वजा केल्याने ही गोष्ट बिघडत नाही. साहचर्य आहेच. १ स्वतः सहमूळ आहे. व्यस्त मिळतो हे आताच दिसले, पण तो व्यस्त या निवडक संचातच आहे का, हे विचारायला हवे. आहे, कारण व्यस्ताचा व्यस्त a असतो, म्हणजे त्यालाही व्यस्त आहे, म्हणून तोही सहमूळ. ही शेवटची पायरी गाळण्याची सवय बरीच आहे आणि ती वाईट आहे. व्यस्त ‘कुठेतरी’ असून पुरत नाही. पूर्णांकांच्या गुणाकारात २ चा व्यस्त १/२ आहेच की, पण तो पूर्णांकांत नाही, आणि म्हणून पूर्णांकांचा संच गुणाकाराखाली गट नाही.

१, ५, ७, ११ या गटात एक मौज आहे. ५ × ५ = २५, ७ × ७ = ४९, ११ × ११ = १२१; तिन्हींची बाकी १. येथे प्रत्येक घटक स्वतःचाच व्यस्त आहे. १० च्या हिशेबात सहमूळ बाक्याही चारच, १, ३, ७, ९. पण तेथे ३ चा व्यस्त ७ आहे, आणि ३ ला स्वतःनेच गुणत गेले की ३, ९, ७, १ अशी चारही घटकांची फेरी पुरी होते. घटक तितकेच असूनही हे दोन गट घडणीने वेगळे आहेत.

येथवर वाचून कोणालाही वाटेल की गुणाकाराखालच्या गटात १ असलाच पाहिजे आणि n शी सामाईक विभाजक असलेली बाकी कधीच चालणार नाही. पूर्ण संचाच्या किंवा सहमूळ बाक्यांच्या संदर्भात ते बरोबर आहे, पण कोणत्याही उपसंचाला ते लागू नाही. १० च्या हिशेबात २, ४, ६, ८ हा संच घ्यावा. यातला एकही १० शी सहमूळ नाही आणि १ तर संचातच नाही. घाईत असलेला परीक्षार्थी ‘अविकारक नाही, म्हणून गट नाही’ असे लिहून पुढे जाईल. तरी तक्ता मांडून पाहावा. डावीकडची संख्या आणि वरच्या ओळीतली संख्या यांच्या गुणाकाराचा शेवटचा अंक प्रत्येक घरात आहे:

```
×   २   ४   ६   ८
२   ४   ८   २   ६
४   ८   ६   ४   २
६   २   ४   ६   ८
८   ६   २   ८   ४
```

घरांत २, ४, ६, ८ सोडून दुसरे काही आलेले नाही, तेव्हा संच बंदिस्त आहे. ६ ची ओळ वरच्या शीर्षकाची हुबेहूब नक्कल आहे, आणि ६ चा उभा स्तंभही तसाच. म्हणजे अविकारक घटक ६ आहे! व्यस्त म्हणजे आता गुणाकार १ नव्हे, ६ करणारा जोडीदार. २ × ८ = १६, म्हणजे ६; ४ × ४ = १६, म्हणजे ६. साहचर्य वारशाने आलेलेच. चारही कसोट्या पार. हा गट आहे. यामागचे कारण ५ च्या हिशेबात उघड होते. २, ४, ६, ८ यांना ५ ने भागल्यावर बाक्या २, ४, १, ३ येतात, आणि ५ मूळ संख्या असल्याने १, २, ३, ४ हा गट आहेच. सगळे घटक सम असल्यामुळे २ ने भागल्यावरची बाकी नेहमी ० राहते आणि हिशेबात लुडबूड करत नाही. ५ च्या हिशेबात ६ म्हणजे १, म्हणून ६ ने १ चे काम केले. अविकारक शोधताना ओळखीची संख्या शोधू नये. कोणत्या घटकाची ओळ शीर्षकाशी जुळते ते पाहावे.

अशा तक्त्याला ब्रिटिश गणिती आर्थर केली याचे नाव आहे. १८५४ सालच्या त्याच्या लेखनात गटाची अमूर्त कल्पना आणि असे तक्ते आले. तक्त्यावरून बंदिस्तपणा, अविकारक आणि व्यस्त डोळ्यांनी दिसतात, शिवाय गटाच्या तक्त्यात प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक घटक बरोबर एकदा येतो. १२ च्या गुणाकारात ४ च्या ओळीत ४ आणि ८ पुन्हापुन्हा येत होते, यावरून गट नाही हे तेथेच कळते. पण याची उलट बाजू खरी मानण्यात धोका आहे. ५ च्या हिशेबात वजाबाकी घ्यावी. बाकी ० ते ४ मध्येच राहते, आणि तक्त्याच्या प्रत्येक ओळीत व स्तंभात पाचही बाक्या एकेकदाच येतात. तक्ता दिसायला निर्दोष. तरी (१ − १) − १ = −१, म्हणजे ४, आणि १ − (१ − १) = १. साहचर्य मोडले. अविकारकही एकतर्फी आहे: a − ० = a खरे, पण ० − १ = ४. ओळी-स्तंभांच्या नीटनेटकेपणात साहचर्य दिसत नाही. ते एक तर वारशाने यावे लागते, नाही तर त्रिकुटे घेऊन तपासावे लागते. पूर्णांकांच्या वजाबाकीलाच साहचर्य नसल्याने बाक्यांना वारशाने मिळण्यासारखे येथे काही नव्हते.